एकच डेल्टा

मावशी रोज सकाळी आपल्याच हातांवर बसायची.

अगदी खरोखर. दहाला पाच कमी असताना ती गणित विभागाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत यायची, खिडकी उघडायची, कॉम्प्युटर चालू करायची, हेडफोन चढवायची आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून, डोळे मिटून बसायची. पुढचा तासभर तिला कुणी हाक मारत नसे. व्याख्यान पहिल्यांदा ऐकताना एक अक्षरही लिहायचं नाही हा तिचा नियम होता, आणि आपले हात तो पाळणार नाहीत याची तिला खात्री होती. "बावीस वर्षं टायपिंग केलंय यांनी," ती म्हणायची. "शब्द ऐकू आला की सुटतात. समजेपर्यंत थांबायची सवयच नाही."

ती विभागात टायपिस्ट म्हणून लागली होती. प्रश्नपत्रिका, प्रबंध, पानभर पसरलेली समीकरणं तिने वर्षानुवर्षं टाइप केली, आणि सुरुवातीला त्यातलं तिला काडीचंही कळत नव्हतं. मग एका प्रबंधात तिला एक वजाबाकीचं चिन्ह गळलेलं दिसलं. कारण काय, तर वरच्या ओळीवरून खालची ओळ निघत नव्हती. तिने विद्यार्थ्याला विचारलं. त्याने सरांना विचारलं. सर खाली उतरून तिच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही वाचता होय हे?" त्या दिवसापर्यंत वाचत नव्हते, त्या दिवसापासून वाचायला लागले, असं ती सांगायची. आमच्या घरात मात्र ती अजूनही टायपिस्टच होती. माझी आई कौतुकाने म्हणायची, "ताईचं काम बसून असतं."

नोकरी करत बाहेरून पदवी घेणाऱ्यांसाठी विभागाने व्याख्यानं रेकॉर्ड करायला घेतली, तेव्हा त्यांची उजळणीची टिपणं करायचं काम कुणालाच नको होतं. सरांना वेळ नव्हता आणि संशोधन करणाऱ्या मुलांना त्यात कमीपणा वाटत होता. ते काम फिरत फिरत मावशीकडे आलं आणि तिथेच राहिलं. दीड तासाच्या व्याख्यानाची चार पानं. जास्त नाही. "पाचवं पान झालं की ते टिपण राहत नाही, ते पुस्तक होतं, आणि पुस्तक कुणी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडत नाही."

त्या चार पानांची तिची एक पद्धत होती. आधी प्रमेयाचं विधान. ते असं हवं की एकटं कुठेही पाठवलं तरी वाटेत हरवणार नाही. जे जे गृहीत धरलंय ते सगळं त्याच्या पिशवीत असलं पाहिजे. मग सिद्धतेचा आराखडा. अख्खी सिद्धता नाही, तिचा कणा फक्त, पाच-सहा ओळींत. पण त्यात जिथे जिथे गृहीतक कामाला येतं तिथे समासात तिचा बाण असे: 'इथे वापरलं.' एखाद्या गृहीतकाला बाणच मिळाला नाही, तर एकतर ते गृहीतक फुकटचं होतं, नाहीतर आपल्याला सिद्धता समजली नव्हती. "बहुतेक वेळा दुसरंच," असं ती म्हणायची. शेवटी सोडवलेली उदाहरणं, किमान दोन. एक प्रमेय चालतं ते, आणि एक मोडकं, म्हणजे गृहीतक काढून घेतल्यावर प्रमेय कसं कोसळतं ते दाखवणारं. मोडक्या उदाहरणांवर तिचं विशेष प्रेम होतं. चांगली उदाहरणं सगळीच एकसारखी शहाणी असतात, तिच्या मते.

व्याख्यानं पुसणेसरांची असत. पुसणे हे आडनाव नव्हे, तो गुण होता. सर उजव्या हाताने लिहीत आणि डाव्या हाताने पुसत, आणि दोन हातांमधलं अंतर वीतभरही नसे. वर्गात मागे लावलेल्या कॅमेऱ्याला दिसायची ती त्यांची पाठ आणि खडूची धूळ. शिवाय बोललेलं आपोआप लिहून काढणारं एक यंत्र विभागाने घेतलं होतं. त्याला गणिताची भाषा येत नव्हती. त्याने 'विवृत संच'चा, म्हणजे खुल्या संचाचा, सगळीकडे 'विकृत संच' केला होता, आणि 'सांत'चा, म्हणजे ज्याला अंत आहे त्याचा, 'शांत'. एका पानावर छापून आलं होतं, 'विकृत संच अनंत असले तरी त्यातले शांत निवडता येतात.' मावशीने ते कापून भिंतीवर चिकटवलं होतं. यंत्राचा मजकूर ती मिनिटं शोधण्यापुरता वापरायची, बाकी भिस्त कानांवर.

त्या वर्षी मी भाषाशास्त्रातला माझा शोधनिबंध लिहायला मावशीकडे राहत होते आणि दिवसभर तिच्या खोलीतल्या दुसऱ्या टेबलावर बसत होते. त्यामुळे सिस्टर आली तेव्हा मी तिथेच होते.

ती जवळच्या रुग्णालयात परिचारिका होती. सकाळची वेळ होती. पाळी संपवून ती तशीच आली होती, पांढऱ्या कपड्यांवर स्वेटर, पायांत आवाज न करणारे बूट. दारातच उभी राहून म्हणाली, "टिपणं करणाऱ्या मॅडम आपणच का?"

"मॅडम नाही. बसा," मावशी म्हणाली.

सिस्टर बसली नाही. तिने पिशवीतून एका उत्तरपत्रिकेची प्रत काढली आणि मावशीपुढे ठेवली. "मला भांडायचं नाहीये," ती म्हणाली. "फक्त विचारायचंय. मी तुमच्या टिपणातलं शब्दन् शब्द लिहिलं. मग मला शून्य का?"

विश्लेषणाच्या पेपरात ती चार गुणांनी नापास झाली होती, आणि हा प्रश्न आठ गुणांचा होता. पुरवणी परीक्षा बारा दिवसांवर होती. नोंदणीची सात वर्षांची मुदत त्यानंतर संपत होती. म्हणजे हा शेवटचा पेपर, शेवटचा प्रयत्न; सुटला तर पदवी, नाहीतर सात वर्षांचं सगळं रद्द. हे तिने तापमान सांगावं तशा आवाजात सांगितलं.

प्रश्न होता एकसमान सातत्याचा. व्याख्या लिहा, आणि एक्सचा वर्ग हे फलन सगळ्या वास्तव संख्यांवर एकसमान सतत नाही, हे सिद्ध करा. एप्सिलॉन म्हणजे फलनाच्या किमतींत चालवून घ्यायचा फरक, आणि डेल्टा म्हणजे त्यासाठी बिंदू एकमेकांच्या किती जवळ हवेत ते अंतर. व्याख्येत सिस्टरने लिहिलं होतं: 'प्रत्येक एप्सिलॉनला प्रत्येक बिंदूसाठी एकच डेल्टा असतो.' परीक्षकाने लाल शाईत विचारलं होतं: 'एकच? आणि अर्धा डेल्टा घेतला तर?' पुढे सिस्टरने, त्या व्याख्येला अगदी धरून, एका बिंदूपाशी दोन वेगवेगळे डेल्टा चालतात हे नीट हिशेब करून दाखवलं होतं. म्हणजे डेल्टा एकच नाही. म्हणजे फलन एकसमान सतत नाही. इतिसिद्धम्. लाल शाई म्हणत होती: 'असं असेल तर जगातलं कुठलंच फलन एकसमान सतत नाही.'

मावशीने ते दोनदा वाचलं. मग कपाटातून आपलं टिपण काढलं. तिसऱ्या पानावर ते वाक्य होतं, तिनेच टाइप केलेलं, चौकटीत.

"सिस्टर, तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "मी लिहिलं त्यावरून हेच निघतं."

मग ती माझ्याकडे वळली. "तू भाषेची ना? 'एकच' म्हणजे काय, सांग."

मी म्हटलं, 'च'चे दोन अर्थ होतात. 'त्याला एकच मुलगा आहे', म्हणजे दुसरा नाही. आणि 'आम्ही सगळे एकाच घरात राहतो', म्हणजे तेच घर, सगळ्यांचं मिळून.

"आणि माझ्या वाक्यात कुठला?"

"वाचलं तर पहिला."

"आणि मला हवा होता दुसरा." मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अपेक्षित नव्हतं. शरम असेल, पण तिच्यावर दुसरंच काहीतरी चढलं होतं, एखादं हरवलेलं टोक हाताला लागावं तसं. "पण मग ऐकताना मला बरोबर कसं वाटलं? मी तीनदा ऐकलं असणार. सर चुकीचं बोलले असते तर मला टोचलं असतं."

तिने ते व्याख्यान लावलं. एक्केचाळिसावं मिनिट. यंत्राच्या मजकुरात 'एक डेल्टा' होतं. 'च' त्याने खाल्ला होता. आम्ही तिघी पडद्यासमोर दाटीने बसलो. पुसणेसरांचा आवाज आला, स्पष्ट: "तर प्रत्येक बिंदूसाठी एकच डेल्टा."

"म्हणालेत की," सिस्टर म्हणाली.

"परत लाव," मी म्हटलं.

मावशीने परत लावलं, आणि या वेळी डोळे उघडे ठेवले. तिघींनीही बघितलं. 'प्रत्येक बिंदूसाठी' म्हणताना सरांनी काही केलं नाही. 'एकच' म्हणताना मात्र त्यांनी खडू खाली ठेवला आणि उजवा तळहात फळ्यावरच्या आडव्या रेषेवरून डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एका दमात फिरवला, ओट्यावरून फडकं फिरवावं तसा. सगळ्या रेषेला मिळून. अर्थ त्या हातात होता. वर्गातल्या मुलांनी तो पाहिला होता. मावशी डोळे मिटून ऐकत होती.

"अगं बाई," मावशी म्हणाली, आणि हसायला लागली. "मी सरांचं सगळं लिहिलं. फक्त हात राहिला."

ती उठून येरझाऱ्या घालू लागली. खोली इतकी लहान की तीन पावलांत कपाट लागायचं. "म्हणजे सगळीकडे असणार हे. जिथे सर 'हे' म्हणतात, 'ते' म्हणतात. 'हे घेतलं की ते येतं', असं किती वेळा म्हणतात. या पेपराची नऊ व्याख्यानं आहेत. नऊच्या नऊ उघड्या डोळ्यांनी बघायला पाहिजेत." मग एकदम थांबून, "सिस्टर, बारा दिवस आहेत ना? रोज सकाळी अर्धा तास येता येईल?"

"येईन. पण झोप येत असेल मला."

"चालेल. झोपेतल्या माणसाला कळलं तर टिपण चांगलं."

पुसणेसरांनी आधी साफ नाकारलं. "मी असं म्हणणं शक्यच नाही," ते म्हणाले. मावशीने त्यांना एक्केचाळिसावं मिनिट दाखवलं. ते चष्मा कपाळावर सरकवून स्वतःच्या पाठीकडे बघत राहिले. "म्हणालोय की हो. पण हात बघा ना माझा, हात किती स्वच्छ बोलतोय."

"हात टाइप करता येत नाही, सर."

"मग चिन्हांत लिहा. चिन्हांत 'च' नसतो."

"चिन्हं सिस्टरांना पाठ आहेत," मावशी म्हणाली. "कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे का, ते कळलेलं नाही. आणि मलाही कळलेलं नव्हतं असं आता दिसतंय."

सरांनी चष्मा परत नाकावर घेतला. मग म्हणाले, "शुद्धिपत्र काढा. मुद्रणदोष म्हणून टाका."

"मुद्रण चोख होतं. चूक माझी आहे."

"तुमची कशी? बोललो मी."

"आणि लिहिलं कुणी?"

चूक कुणाची यावर दोघं दहा मिनिटं भांडले, आणि प्रत्येकाला ती स्वतःलाच हवी होती. शेवटी शुद्धिपत्रावर छापायचं ठरलं: 'पान तीनवरची व्याख्या चुकीची आहे. ती खोडा आणि खालची लिहा.' चूक कुणाची ते लिहिलं नाही. ते टिपणं घेणाऱ्या सेहेचाळीस विद्यार्थ्यांना पाठवायचं होतं, पण 'खालची' काय लिहायची ते अजून ठरायचं होतं.

ती व्याख्या मावशीने चार दिवस लिहिली. मी तिला इतकी खूश क्वचितच पाहिली आहे. भाजी चिरताना सुरी थांबवून म्हणायची, "बिंदूच्या आधी डेल्टा. नुसतं आधी म्हणून भागत नाही गं. बिंदू न बघता." आंघोळीहून ओल्या केसांनी येऊन कागद मागायची. गमक तिला सापडलं होतं: नेहमीच्या सातत्यात तुम्ही आधी बिंदू सांगता आणि मग मी तुमच्या बिंदूसाठी डेल्टा शोधते. एकसमान सातत्यात मला डेल्टा आधी सांगावा लागतो, आणि मग तुम्ही हवे ते बिंदू आणता. फरक काय, तर पाळी कुणाची आधी. अखेर तिने लिहिलं:

'एप्सिलॉन दिला. बिंदू न पाहता एक डेल्टा निवडला. त्यानंतर कुणीही कुठलेही दोन बिंदू आणले, आणि त्यांच्यातलं अंतर डेल्टाहून कमी असलं, तर फलनाच्या किमतींतलं अंतर एप्सिलॉनहून कमी असलंच पाहिजे. असा डेल्टा एक मिळाला तर त्याहून लहान सगळे चालतात.'

हे तिने सिस्टरला वाचून दाखवलं. सिस्टर खुर्चीत मागे टेकून, डोळे अर्धवट मिटून ऐकत होती. ती झोपली असं मला वाटलं. मग ती डोळे न उघडता म्हणाली, "हा डोस आहे."

"काय?"

"डोस हो, ताई." मावशीला ती आता ताई म्हणू लागली होती. "प्रत्येक पेशंटला किती डोसपर्यंत अपाय होणार नाही, ते वेगळं असतं. खाटेपाशी जायचं, कागद बघायचा, ठरवायचं. ते साधं सातत्य. आणि कुणाचाही कागद न बघता सगळ्या वॉर्डला देता येईल असा डोस, ते एकसमान. आणि अर्धा डोस दिला तर दुखणं जाणार नाही कदाचित, पण अपाय तर नक्कीच होणार नाही. परीक्षकांनी मला हेच विचारलं होतं. अर्धा डोस का चालत नाही म्हणून. मी काय लिहिलं होतं, देवा." ती आता पुरती जागी झाली होती. "आणि एक्सचा वर्ग म्हणजे असा वॉर्ड की पुढची खाट मागच्या खाटेपेक्षा अशक्त, आणि खाटा संपतच नाहीत. मी कितीही बारीक डोस ठरवला तरी लांब कुठेतरी एक जण असणारच, त्याला तो सोसणार नाही."

"तो जण शोधा," मावशी म्हणाली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "एप्सिलॉन एक घ्या. डोस डेल्टा. खाट नंबर?"

सिस्टरने पेन घेतलं. दोन वेळा खोडलं. मग तिने एक छेद डेल्टा हा बिंदू घेतला, आणि दुसरा त्याच्यापुढे अर्ध्या डेल्टावर. अंतर अर्धा डेल्टा, म्हणजे नियमात बसतं. वर्गांची वजाबाकी केली: एक, अधिक डेल्टाच्या वर्गाचा चौथा भाग. एकाहून जास्त.

"सापडला," ती म्हणाली, आणि पेन खाली ठेवून हात पुसले.

"आता वॉर्ड छोटा करा. शून्य ते दहा."

शून्य ते दहामध्ये दोन बिंदूंची बेरीज विसाच्या वर जात नाही, म्हणून एप्सिलॉन भागिले वीस हा डेल्टा सगळ्यांना पुरला. सिस्टर म्हणाली, "साहजिक आहे. खाटा मोजक्या असल्या की सगळ्यांत अशक्त पेशंट शोधायचा आणि त्याचा डोस सगळ्यांना द्यायचा."

मावशी खुर्चीतून अर्धी उठली. "थांबा. मोजक्या नाहीत. शून्य ते दहामध्ये बिंदू अनंत आहेत. सगळ्यांत अशक्त असा कुणी असेलच, हे कशावरून?"

सिस्टर तिच्याकडे बघत राहिली. "नसेल?"

"शून्य ते एक घ्या, दोन्ही टोकं वगळून. फलन एक छेद एक्स. शून्याच्या दाराकडे जाल तशा खाटा नाजूक होत जातात, आणि सगळ्यांत नाजूक जो असायचा तो दाराबाहेर. तिथे खाटच नाही. एक छेद एन आणि त्याच्या पुढचा घ्या. ते दोघं हवे तितके जवळ आणता येतात, पण किमतींतला फरक कायम एक." मावशीचा आवाज चढला होता. "म्हणून तर प्रमेय लागतं सिस्टर. टोकं धरून असलेला, दोन्हीकडून बांधलेला अंतराल असेल, शून्य ते दहासारखा, आणि फलन सतत असेल, तर अनंत खाटा असूनही सगळ्यांना चालणारा डोस मिळतोच. हे आपोआप होत नाही. हे नवल आहे. मी सात वर्षं हे विधान टाइप करतेय आणि हे नवल आहे हे मला आज कळतंय."

आराखडा त्या सकाळीच उतरला. मी माझं काम सोडून बघत होते. समजा असा डेल्टा नाही. मग एका एप्सिलॉनसाठी, प्रत्येक एनला, दोन बिंदू मिळतात: एकमेकांच्या एक छेद एनहून जवळ, पण किमती एप्सिलॉनइतक्या तरी दूर. पहिल्या बिंदूंच्या क्रमिकेतून, म्हणजे रांगेतून, एका जागी गोळा होणारी उपक्रमिका काढा. समासात बाण, 'बांधलेला, इथे वापरलं.' ती जागा अंतरालातच आहे. बाण, 'टोकं धरून, इथे वापरलं.' दुसरे बिंदू पहिल्यांना चिकटलेलेच, तेही तिथेच जातात. त्या जागी फलन सतत, म्हणून दोन्हीकडच्या किमती एकीकडे येतात. बाण, 'सतत, इथे वापरलं.' पण त्या तर दूर राहायच्या होत्या. विसंगती. सहा ओळी, तीन बाण, एकही गृहीतक रिकाम्या हाताने परत गेलं नाही.

पुसणेसरांना वॉर्डची गोष्ट कळली तेव्हा ते भारावून गेले. म्हणाले, टिपणात घाला, ठळक टाइपात. मावशी ठाम होती. "उपमा टिपणात घातली की मुलं उपमाच पेपरात लिहितात. 'खाट नंबर एक छेद डेल्टा', असं लिहून येईल कुणीतरी."

"मग माझ्या व्याख्यानात वापरू?"

"वापरा. सिस्टरांना विचारून."

सिस्टरने परवानगी दिली. अट एकच घातली, पेशंटना नावं ठेवायची नाहीत.

पुढच्या तीन दिवसांत मावशीने नऊही व्याख्यानं बघितली. आणखी चार ठिकाणी हात सापडला. एकदा सरांनी 'इथून पुढे' म्हणताना बोटाने पाचव्या पदाकडे दाखवलं होतं आणि टिपणात नुसतं 'पुढे' राहिलं होतं. एकदा 'हा' म्हणताना बोट एका फलनावर होतं आणि मावशीने दुसरं धरलं होतं. नशीब, दोन्हींना प्रमेय लागू होत होतं. सुधारलेली टिपणं परीक्षेच्या पाच दिवस आधी गेली. सिस्टर रोज येत होती, आणि मावशी तिच्यावर प्रत्येक पान तपासून बघत होती. सिस्टर अडली की वाक्य बदलायचं, सिस्टरला बदलायचं नाही.

परीक्षेच्या दिवशी दुपारी सिस्टर जिने चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती. तिने प्रश्नपत्रिका टेबलावर आपटली. वर्ग नाही, घन आला होता. एक्सचा घन सगळ्या वास्तव संख्यांवर एकसमान सतत नाही, हे दाखवा.

मावशीने नुसती भुवई वर केली.

"तुमच्याच पद्धतीने गेले," सिस्टर म्हणाली. "एक छेद डेल्टा, आणि पुढे अर्धा डेल्टा. घनांची वजाबाकी केली, पुढची पदं सोडली. तीन छेद दोन डेल्टाहून जास्त, असं आलं. म्हटलं, झालं. लिहून टाकलं. आणि मग बघते तर काय, डेल्टा मोठा असेल, समजा शंभर, तर हे एकाहून जास्त कुठे राहतं? पंधरा मिनिटं उरली होती. दुसरा बिंदू शोधू म्हटलं तर सुचेना."

"मग?"

"मग मला लाल शाई आठवली. अर्धा डेल्टा घेतला तर. डोस चालत असेल तर त्याहून लहान पण चालणारच. तर मी शंभर कशाला धरून बसू? मी लिहिलं, 'असा डेल्टा असेल तर त्याहून लहान सगळे चालतात, म्हणून डेल्टा एकाहून मोठा नाही असंच धरू.' मग तीन छेद दोन डेल्टा हे दीडच्या खाली येतच नाही. एकाहून मोठं. विसंगती." ती दम घ्यायला थांबली. "बरोबर आहे ना?"

मावशीने कागद घेतला, प्रत्येक पद मांडलं, वजाबाकी केली. मग तिने चष्मा काढला.

"हे माझ्या टिपणात नाही," ती म्हणाली. "तुम्ही केलंत हे. मी तर दुसरा बिंदूच शोधत बसले असते." आणि तिथेच बसून, सिस्टर समोर असताना, तिने टिपणाच्या चौथ्या पानावर तिसरं उदाहरण लिहायला घेतलं. चार पानांत ते मावेना, म्हणून तिने स्वतःचं एक लाडकं मोडकं उदाहरण काढून टाकलं.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. सिस्टर सकाळीच आली. हाताला धरून तिने मावशीला खुर्चीतून उठवलं आणि फोनवरचा आकडा दाखवला. एकोणसत्तर. पुसणेसर मागून आले, त्यांनी तो आकडा पाहिला आणि उगाचच भिंतीवरचा रिकामा छोटा फळा पुसून टाकला. सिस्टर एकदम खूप बोलत होती. पदवीचा कागद कधी मिळतो, घरी अजून सांगितलं नाही, वॉर्डमधल्या मुख्य सिस्टरांना मात्र सांगितलं, आणि पुढे बीजगणित घेऊन बघावं की काय. बोलता बोलता ती खिडकीपाशी जाऊन टेकून उभी राहिली.

मावशी सगळं ऐकत होती, हसत होती. तिने सिस्टरच्या पाठीवरून हात फिरवला, माझ्याकडे बघून मान हलवली. मग खुर्चीत बसली, अर्धवट राहिलेलं पान पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि वर न बघता म्हणाली, "सिस्टर, जरा सरका तिकडे. उजेड अडतोय."